नामा, यमू आणि बंडू: सच्चा कोण आणि लबाड कोण?

एका बेटावर दोनच तऱ्हेची माणसं राहतात. सच्चे जे बोलतील ते खरंच असतं आणि लबाड जे बोलतील ते खोटंच असतं. दिसायला सगळे सारखे, कपडे सारखे, बोलण्याची ढब सारखी. आपण तिथे पाहुणे म्हणून जातो, दोन-तीन जण भेटतात, प्रत्येक जण एखादं वाक्य बोलतो, आणि तेवढ्यावरून कोण कोणत्या तऱ्हेचा ते आपण ओळखायचं असतं. या बेटाची ख्याती मुख्यतः अमेरिकन तर्कशास्त्रज्ञ रेमंड स्मलियन (1919–2017) यांच्यामुळे झाली. त्यांचं या कोड्यांचं पहिलं पुस्तक 1978 मध्ये आलं आणि तेव्हापासून हे बेट शाळांपासून नोकरीच्या मुलाखतींपर्यंत सगळीकडे भेटत राहतं.

दर शनिवारी संध्याकाळी आमच्या इमारतीतली सात-आठ मुलं माझ्याकडे कोडी सोडवायला बसतात. ही कोडी बहुतेक मुलं आधी अंदाजाने सोडवायला जातात. ‘हा दुसऱ्याला नावं ठेवतोय, म्हणजे हाच लबाड’ असं काहीतरी. बेटावर स्वभावावरून काही कळत नाही. चालते ती एकच रीत: एखाद्याला सच्चा धरून चालायचं, त्यातून काय काय निघतं ते शेवटपर्यंत पाहायचं, आणि कुठे गाडी अडली तर मागे येऊन त्यालाच लबाड धरायचं. शाळेच्या भूमितीत ‘अप्रत्यक्ष सिद्धता’ शिकवतात, तीच ही. तिथे जे सिद्ध करायचं त्याच्या उलट गृहीत धरतात आणि त्यातून विसंगती काढून दाखवतात.

गाडी अडली हे ओळखायचं कसं? बेटावर विसंगती दोनच रूपांत येते. आपण ज्याला सच्चा धरला त्याचं वाक्य खोटं निघालं, किंवा ज्याला लबाड धरला त्याचं वाक्य खरं निघालं. दुसरं रूप लोक विसरतात. लबाडाच्या तोंडून चुकूनही खरं निघत नाही, म्हणून लबाडाचं वाक्य तपासणं सच्च्याच्या वाक्याइतकंच कामाचं असतं.

सोपं उदाहरण घेऊ. गंगू आणि सखू भेटल्या. गंगू म्हणाली, “आम्ही दोघीही लबाड आहोत.” सखू गप्प राहिली.

गंगूला सच्ची धरू. मग तिचं वाक्य खरं, म्हणजे दोघीही लबाड, म्हणजे गंगूही लबाड. पण आपण तर तिला सच्ची धरलं होतं. अडलं. तेव्हा गंगू लबाड. आता तिचं वाक्य खोटं असायला हवं. ‘दोघीही लबाड’ हे खोटं, तर दोघींपैकी निदान एक सच्ची. गंगू तर सच्ची नाही, म्हणून सखू सच्ची. एक शब्दही न बोलता सखूचा निकाल लागला.

इथे एक पायरी मी मुद्दाम सावकाश उतरलो. ‘दोघीही लबाड’ खोटं ठरलं म्हणून ‘दोघीही सच्च्या’ असं होत नाही. समजा, घरातला पोरगा सकाळी म्हणतो, “मी दूध प्यायलो आणि दप्तर भरलं.” तुम्ही पाहता तर दुधाचा पेला रिकामा, पण दप्तर तसंच पडलेलं. पोरगा खोटं बोलला का? बोलला. त्याचं वाक्य खोटं ठरायला दोन्ही गोष्टी खोट्या असण्याची गरज नव्हती, एक पुरली. ‘आणि’ने जोडलेलं वाक्य खोटं असतं तेव्हा त्यातला निदान एक भाग खोटा असतो. कोणता, ते त्या वाक्यावरून कळत नाही.

पोराच्या बाबतीत हे कुणालाही पटतं. पण बेटावर गेलं की हातून निसटतं, आणि पुढच्या कोड्यात ते कसं निसटतं ते मी अनेकदा पाहिलं आहे. हे कोडं मी मुलांसाठी रचलं. नामा, यमू आणि बंडू असे तिघे भेटतात.

नामा म्हणतो, “यमू लबाड आहे आणि बंडू सच्चा आहे.”
यमू म्हणते, “बंडू सच्चा आहे.”
बंडू म्हणतो, “आमच्यापैकी निदान एक जण तरी लबाड आहे.”

पुढे वाचण्याआधी कागद-पेन्सिल घेऊन एकदा स्वतः करून पाहा.

मुलं सुरुवात करतात ती नामापासून, कारण त्याचं नाव पहिलं आहे. नामाला सच्चा धरू. मग यमू लबाड आणि बंडू सच्चा. आता यमूचं वाक्य पाहू. ती म्हणते बंडू सच्चा आहे, आणि आपल्या हिशोबात बंडू खरंच सच्चा आहे. म्हणजे लबाड यमूच्या तोंडून खरं वाक्य निघालं. हे विसंगतीचं दुसरं रूप. अडलं. नामा सच्चा असू शकत नाही. तो लबाड.

इथवर कुणी चुकत नाही. आता नामा लबाड, म्हणून त्याचं वाक्य उलटवायचं. माझ्याकडच्या एका मुलीने वहीत झरझर लिहिलं: ‘यमू सच्ची, बंडू लबाड.’ मग तिने यमूचं वाक्य तपासलं. सच्ची यमू म्हणते बंडू सच्चा आहे, पण वहीत बंडू लबाड. पुन्हा अडलं. नामा सच्चा धरला तरी अडतं, लबाड धरला तरी अडतं. तिने पेन खाली ठेवलं आणि ठामपणे सांगितलं, “काका, कोडंच चुकलंय.”

तिने तर्क शेवटपर्यंत नेला होता, हे मला फार आवडलं. चूक एकाच ओळीत होती. दूध आणि दप्तराचं वाक्य तिने दोन्ही बाजूंनी उलटवलं होतं. नामाचं ‘यमू लबाड आणि बंडू सच्चा’ हे वाक्य खोटं असेल, तर एवढंच निघतं की यमू सच्ची आहे, किंवा बंडू लबाड आहे, किंवा दोन्ही. म्हणजे यमू आणि बंडू यांच्या चार जोड्यांपैकी फक्त एक जोडी बाद झाली, यमू लबाड आणि बंडू सच्चा ही. बाकी तीन अजून शाबूत आहेत.

त्या तीन तपासू. यमूचं वाक्य बंडूबद्दल आहे. ती सच्ची असेल तर बंडू सच्चा, ती लबाड असेल तर बंडू लबाड. म्हणजे दोघं एकाच तऱ्हेचे. यामुळे ‘यमू सच्ची, बंडू लबाड’ ही जोडी गेली. उरल्या दोन: दोघं सच्चे किंवा दोघं लबाड. दोघं लबाड धरले तर नामासकट तिघंही लबाड. पण बंडू म्हणतो, निदान एक जण लबाड आहे. तिघं लबाड असताना हे वाक्य तर खरं झालं, आणि बोलणारा लबाड. अडलं. उरली एकच जोडी: यमू आणि बंडू सच्चे, नामा लबाड.

आता पडताळा. ही पायरी टाळू नये, कारण आतापर्यंत आपण फक्त काय होऊ शकत नाही ते शोधत आलो. नामा लबाड: त्याचं वाक्य ‘यमू लबाड आणि बंडू सच्चा’, यातला पहिला भाग खोटा, म्हणून पूर्ण वाक्य खोटं. बसलं. यमू सच्ची: बंडू सच्चा आहेच. बसलं. बंडू सच्चा: निदान एक लबाड आहे, तो नामा. बसलं. तिन्ही वाक्यं जागच्या जागी बसली, म्हणजे कोडं बरोबर आहे. आणि बाकीच्या वाटा आधीच बंद झाल्या, म्हणून उत्तरही एकच आहे.

हे सगळं करून झाल्यावर मी मुलांना तेच कोडं शेवटून सोडवायला सांगतो. बंडूपासून. बंडूला लबाड धरा. मग तिघांत निदान एक लबाड आहेच, तो स्वतः. म्हणजे त्याचं वाक्य खरं. लबाड खरं बोलला, अडलं. बंडू सच्चा. यमू त्याला सच्चा म्हणते, ते खरं, म्हणून यमू सच्ची. नामा यमूला लबाड म्हणतो, ते खोटं, म्हणून नामा लबाड. संपलं. ना तीन जोड्या, ना ‘आणि’चा नकार. नामापासून निघालं तर अर्धं पान लागतं, बंडूपासून निघालं तर तीन ओळी.

मग सुरुवात कुणापासून करायची हे आधी कसं कळावं? माझा अनुभव असा की ज्याचं वाक्य स्वतःलाही धरून असतं त्याच्याकडे आधी जावं. ‘आमच्यापैकी’, ‘आम्ही दोघी’, ‘मी आणि तो’ असे शब्द ज्या वाक्यात येतात तिथे बोलणाऱ्याची तऱ्हा त्याच्याच वाक्यात अडकलेली असते, आणि एक फांदी लवकर तुटते. नामाचं वाक्य फक्त इतरांबद्दल होतं, म्हणून ते स्वतःबद्दल काही उघड करत नव्हतं. असा कुणी नसेल तर ज्याच्याबद्दल सगळ्यांत जास्त जण बोलतात त्याला धरावं. त्याची तऱ्हा ठरली की बोलणाऱ्यांच्या तऱ्हा आपोआप ठरत जातात.

सगळ्या शक्यता मांडून एकेक तपासणं हाही मार्ग आहे. तिघं असतील तर 8 शक्यता, एका कागदावर मावतात. पाच जण आले की 32, दहा जण आले की 1024. गृहीत धरून चालण्याचा फायदा असा की एका विसंगतीने यातल्या निम्म्या शक्यता एकदम पुसल्या जातात. बंडू लबाड नाही हे कळताच 8 पैकी 4 गेल्या आणि आपण त्या बघितल्यासुद्धा नाहीत.

स्वतःला धरून असलेल्या वाक्यांत एक फार सुंदर वाक्य आहे. समजा गंगू म्हणाली, “मी आणि सखू एकाच तऱ्हेच्या.” गंगूला सच्ची धरा: मग सखूही सच्ची. गंगूला लबाड धरा: मग वाक्य खोटं, दोघी वेगवेगळ्या तऱ्हेच्या, गंगू लबाड म्हणून सखू सच्ची. दोन्ही वाटा सखूपाशी एकाच उत्तरावर येतात. गंगूबद्दल मात्र काहीच कळलं नाही. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे लागेल.

उलट काही वाक्यांतून काहीच मिळत नाही. “मी सच्चा आहे” हे सच्चाही म्हणेल आणि लबाडही म्हणेल, त्यामुळे ते ऐकून सोडून द्यावं. आणि “मी लबाड आहे” असं बेटावर कुणीच म्हणू शकत नाही. सच्चा म्हणाला तर खोटं होतं, लबाड म्हणाला तर खरं होतं. कोड्यात असं वाक्य थेट कुणाच्या तोंडी आलं, तर मात्र ‘कोडंच चुकलंय’ हे म्हणणं बरोबर.

मराठीत ही कोडी रचताना आणि सोडवताना भाषेकडे नीट पाहावं लागतं. बंडूच्या वाक्यात मी ‘निदान एक जण तरी’ लिहिलं. नुसतं ‘एक जण लबाड आहे’ लिहिलं असतं तर वाचणाऱ्याला दोन अर्थ लागले असते: एक किंवा जास्त, की बरोबर एक? आपल्याकडे हा फरक ‘तरी’ आणि ‘च’ या दोन छोट्या शब्दांवर चालतो. ‘एक तरी’ म्हणजे एक किंवा अधिक, ‘एकच’ म्हणजे एक, ना कमी ना जास्त. आणि हा फरक नुसता शब्दांचा नाही. बंडू ‘आमच्यापैकी एकच जण लबाड आहे’ असं म्हणाला असता तर तिघंही लबाड असणं शक्य झालं असतं, कारण तिघं लबाड असताना ‘एकच लबाड’ हे खोटं आहे आणि लबाडाने खोटं बोलणं बेटाच्या नियमात बसतं. मग उत्तरं दोन झाली असती आणि कोडं सुटलं नसतं.

‘सगळे’ हा आणखी घसरडा शब्द. ‘आम्ही सगळे लबाड नाही’ म्हणजे एकही लबाड नाही, की काही आहेत आणि काही नाहीत? बोलताना आवाजाच्या चढउतारावरून कळतं, कागदावर कळत नाही. ‘आमच्यापैकी एकही लबाड नाही’ किंवा ‘आम्ही सगळेच काही लबाड नाही’ असं लिहिलं की शंका उरत नाही. आणि मराठीत ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद आहे, तो या कोड्यांत खराखुरा उपयोगी पडतो. पाहुण्याशी बोलताना बंडू ‘आमच्यापैकी’ म्हणाला तर त्यात पाहुणा येत नाही. तो ‘आपल्यापैकी’ म्हणाला तर पाहुणाही मोजणीत आला, आणि पाहुणा तर ना सच्चा ना लबाड, तो कधी खरं बोलतो आणि कधी खोटं.

या पाहुण्यासारखी माणसं बेटावरही आली तर सगळी पद्धत बदलते. ‘सच्चा नाही, म्हणजे लबाड’ ही उडी आपण इतक्या सहज मारतो ती फक्त बेटावर दोनच तऱ्हा आहेत म्हणून. तिसरी तऱ्हा असेल तर एका विसंगतीने तीनपैकी एकच तऱ्हा पुसली जाते आणि दोन उरतात. म्हणून कोड्याचं पहिलं वाक्य, बेटावर कोण कोण राहतं हे सांगणारं, कधीही वरवर वाचू नये.

आता सगळ्यांत जास्त फसवणारी चूक. एखाद्याला सच्चा धरला, शेवटपर्यंत गेलो, कुठेही अडलं नाही. मुलं उत्तर लिहून मोकळी होतात. पण न अडणं म्हणजे सिद्ध होणं नव्हे. विसंगती आली तर गृहीत पक्कं चूक असतं. विसंगती आली नाही तर गृहीत शक्य असतं, एवढंच. दुसरी वाट चालून पाहिल्याशिवाय ती बंद आहे असं म्हणता येत नाही.

केशव, मालन आणि शंकर यांचं बोलणं ऐका.

केशव म्हणतो, “मालन आणि शंकर एकाच तऱ्हेचे आहेत.”
मालन म्हणते, “केशव लबाड आहे.”
शंकर म्हणतो, “आमच्यापैकी दोघंच सच्चे आहेत.”

केशवला सच्चा धरू. मालन त्याला लबाड म्हणते, ते खोटं, म्हणून मालन लबाड. केशवचं वाक्य खरं, म्हणून शंकरही मालनसारखा, लबाड. शंकर म्हणतो दोघंच सच्चे, पण सच्चा एकटा केशव, तेव्हा हे वाक्य खोटं आणि शंकर लबाड. बसलं. केशव सच्चा, बाकी दोघं लबाड. इथे थांबण्याचा मोह अनावर होतो, कारण सगळं इतकं छान जुळलं आहे.

दुसरी वाट. केशवला लबाड धरू. मालनचं वाक्य खरं, मालन सच्ची. केशवचं वाक्य खोटं, म्हणून शंकर मालनपेक्षा वेगळा, लबाड. शंकरचं वाक्य: दोघंच सच्चे. सच्ची एकटी मालन, वाक्य खोटं, शंकर लबाड. हेही बसलं.

म्हणजे दोन उत्तरं, आणि दोन्ही निर्दोष. कोड्याने ‘तिघं कोण कोण?’ असं विचारलं असेल तर त्याला एक उत्तर नाही, आणि पहिल्या वाटेवर थांबलेल्याने अर्धंच सांगितलं. पण दोन्ही वाटांवर शंकरकडे पाहा. दोन्हीकडे तो लबाडच आहे. गंगूच्या ‘मी आणि सखू एकाच तऱ्हेच्या’ या वाक्याची जात इथेही आहे: बोलणाऱ्याचा पत्ता लागत नाही, पण तिसऱ्याचा लागतो. मालनच्या वाक्यामुळे केशव आणि ती नेहमी वेगवेगळ्या तऱ्हेचे राहतात, आणि एवढं धरून केशवचं वाक्य वाचलं की शंकर सच्चा असण्याची जागाच उरत नाही. शंकर तोंड उघडण्याआधीच त्याचा निकाल लागला होता. त्याच्या स्वतःच्या वाक्याने त्यात काही भर पडली नाही. कोड्याने ‘शंकर कोण?’ एवढंच विचारलं असेल, तर उत्तर एकच आहे आणि ते पक्कं आहे.